तिसऱ्या रविवारची खेळांची दुपार : आराखडा

कार्यकारिणीतले सगळे आणि स्वयंसेवक मंडळी, नमस्कार.

जूनपासून दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी साडेतीन ते साडेपाच, आपल्या वाचनालयात साठीच्या पुढची मंडळी आणि आठवी ते बारावीची मुलं एकत्र खेळतील. शनिवारच्या बैठकीत यावर निर्णय घ्यायचा आहे, म्हणून सगळं आधीच लिहून पाठवते.

दिवाळीच्या सुट्टीत आपण एकदा हे करून पाहिलं. बावीस जण आले, पण अर्ध्या तासात खिडकीकडे सगळे आजी-आजोबा आणि दाराकडे सगळी पोरं, अशी वाटणी झाली. मी टेबलं मांडली होती, जोड्या लावल्या नव्हत्या. दोन्ही गट आपापल्यात खूश होते, आणि तेच मला खटकलं. तसं खेळायला त्यांना वाचनालय कशाला हवं?

म्हणून या वेळी मुख्य खेळ मेंढीकोट. चार जण, तेरा-तेरा पानं, समोरासमोर बसलेले दोघे भिडू. चार दश्श्यांपैकी जास्त दश्श्या ज्या जोडीकडे, ती जोडी जिंकते. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, ते. प्रत्येक जोडीत एक मोठं माणूस आणि एक मुलगा किंवा मुलगी. बुद्धिबळात आजोबांसमोर नववीतलं पोर बसलं की एकतर ते मुद्दाम हरतं, नाहीतर वीस मिनिटांत मात करून मोबाईल काढतं. मुद्दाम हरलेलं आजोबांना कळतं, आणि ते फार लागतं. भिडू असलात की मात्र समोरच्यावर विसंबावंच लागतं. इस्पिकची किती पानं गेली हे मावशींच्या लक्षात असतं, बाकीचा हिशेब पोरगं पटकन करतं, आणि खाणाखुणा बंद असल्यामुळे दोघांना एकमेकांचा खेळ नीट बघावा लागतो.

नियम घरोघरी वेगळे, त्यावरून वाद नको. आपण कटहुकूम खेळू: मागितलेला रंग नसेल तर पहिल्यांदा टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. हा नियम मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक टेबलावर ठेवायचा.

जोड्या तीन महिने बदलू नयेत, असं माझं ठाम मत आहे. दर वेळी चिठ्ठ्या टाकाव्यात अशी सूचना आली होती. पण पहिल्या महिन्यात नाव कळतं, दुसऱ्यात खेळ कळतो. गप्पा त्यानंतर सुरू होतात.

मेंढीकोटची चार टेबलं आणि दोन कॅरम, म्हणजे चोवीस जण. कॅरमलाही भिडू समोरासमोरच. बोर्ड जमिनीवर नको, स्टँडवर हवेत. गुडघ्यांचा प्रश्न आहे. हात टेकता येतील अशा खुर्च्या मोठ्यांना आधी द्यायच्या. बोर्डावर लटकता दिवा आणि बोरिक पावडर घेणे.

शेवटचा अर्धा तास शिकवण्याचा. जूनमध्ये मुलं उनो शिकवतील. मोतीबिंदू असलेल्यांना त्यातला निळा आणि हिरवा रंग वेगळा ओळखणं जड जातं, म्हणून निळ्या पानांच्या कोपऱ्यावर पेनाने टिंब काढून ठेवू. जुलैत आज्या सागरगोटे शिकवतील, टेबलावरच. ऑगस्टमध्ये सारीपाट, एका सभासद काकूंकडे कापडी पट आणि कवड्या आहेत, त्या आणायला तयार आहेत.

काही पालकांना पत्ते म्हटलं की धास्ती वाटते, आणि ती मला गैर वाटत नाही. पैसे नाहीत, पैज नाही, गुणांचा तक्ताही पुढच्या महिन्यात न्यायचा नाही. हे पालकांच्या संमतीपत्रावर स्पष्ट लिहायचं. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. कक्षात दोन स्वयंसेवक पूर्ण वेळ हजर हवेत.

तारखांचं: शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल त्या दुपारी पेठेतली पोरं येणार नाहीत, तेव्हा हंगामात वेळापत्रक बघून रविवार मागेपुढे करू. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की कार्यक्रम रद्द. त्या दिवशी वयस्कर माणसांना घराबाहेर काढायचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना सुट्टी, त्यांच्या जागी आठवी-नववीची मुलं भिडू होतील.

चहा, बिनसाखरेचा चहा आणि भडंग साडेचारला. भडंग एका वाटीत शेंगदाण्यांशिवाय वेगळा ठेवा, दातांचा त्रास असणारे बरेच आहेत. पानांना तेल लागू नये म्हणून खाणं बाजूच्या टेबलावरच. महिन्याला ८०० रुपये पुरतील असा माझा अंदाज आहे. वर्गणी मात्र कुणाकडूनच नको.

बैठक शनिवारी संध्याकाळी सहाला. नोंदणीची वही, पालकांचं संमतीपत्र आणि मोठ्या आकड्यांच्या पत्त्यांची खरेदी, ही तीन कामं कोण घेणार ते तिथे ठरवू. येताना घरात पडून असलेला पत्त्यांचा कॅट आणा, पण मोजून. बावन्न पानं भरली तरच.