काठीचं वजन: सिद्धेश्वर यात्रेतील पवित्राच्या अनुभवाची तीन कथने

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदिध्वज, म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्या, निघतात आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. त्या सोहळ्याविषयीची तीन कथने इथे घेतली आहेत. तिघांना एकच प्रश्न विचारला: "अक्षता पडल्या तेव्हा काय झालं?" "देव जाणवला का?" असं विचारलं असतं, तर उत्तर आपणच हातात दिल्यासारखं झालं असतं.

एक अनुभवी काठीधारक म्हणाले, "कट्ट्यापर्यंत कंबर भरून आली होती. अक्षता पडल्या आणि काठी हलकी झाली. सिद्धरामेश्वरांनीच धरली." इथे फिनॉमिनॉलॉजीची, म्हणजे अनुभव जसा आला तसा वर्णन करणाऱ्या पद्धतीची, पहिली पायरी येते, एपोखे. काठी खरोखर देवाने धरली का, हा प्रश्न कंसात ठेवायचा. पण "हा उत्तेजनेचा परिणाम" हे आपलं स्पष्टीकरणही त्याच कंसात जातं. अशा कथनांवरच्या निबंधांत नेमकी इथेच चूक होते: भक्ताचा दावा बाजूला ठेवतात आणि स्वतःचा तसाच राहू देतात.

मग "सिद्धरामेश्वरांनीच धरली" हे वाक्य वर्णन की स्पष्टीकरण? धर्माचे अभ्यासक वेन प्राउडफूट यांनी १९८५ मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो. अनुभव घेणाऱ्याने तो ज्या शब्दांत ओळखला, ते शब्द वर्णनातून काढता येत नाहीत. कारणमीमांसा मात्र नंतर वेगळी करता येते. हे वाक्य खोडून "वजन कमी भासलं" एवढंच ठेवलं, तर उरतो तो निव्वळ स्नायूंचा अनुभव, आणि तो या काठीधारकांचा नव्हे.

कट्ट्याजवळ उभ्या असलेल्या एका मावशी म्हणाल्या, "अंगावर काटा आला. भीती वाटली, पण नजर हलेना. हात जोडायचंही राहून गेलं." जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ मध्ये मांडलेली, धाक आणि ओढ एकत्र असणारी गूढता इथे चपखल बसते. काठीधारकांच्या कथनात मात्र धाक नाही, हात देणारी शक्ती आहे. तिथे पवित्राला मुळात शक्ती मानणारे डच धर्म-अभ्यासक खेरार्दुस व्हान डेर लेउ अधिक जवळचे वाटतात. एकाच क्षणी पाहणाऱ्याला आणि पेलणाऱ्याला पवित्र वेगवेगळ्या रूपात भेटतं. ओटोंची चौकट दोघांवर सारखीच लादली, तर हा फरकच बुजतो.

पहिल्यांदाच काठी धरलेला तरुण म्हणाला, "तसं काही झालं नाही. काठी कलू नये एवढंच डोक्यात होतं." हे कथन वगळण्याचा मोह होतो. "त्याला नकळत पवित्राचा स्पर्श झाला" असं लिहिणं त्याहून वाईट, कारण ते त्याने सांगितलेलंच नाही. सोहळा पवित्र मानूनही त्या घडीला पवित्र न जाणवणं शक्य आहे, एवढंच हे कथन दाखवतं. त्याचं सारं लक्ष तोलात गुंतलं होतं. अनुभवी धारकांच्या अंगात हा तोल सरावाने मुरलेला असतो, म्हणून त्यांचं लक्ष मोकळं राहिलं असेल का, हे तीन कथनांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी दरवर्षी काठी धरणाऱ्या आणखी काहींना हाच प्रश्न, याच शब्दांत विचारावा लागेल.