टर्मशीटवरचा माझा अभिप्राय: शुक्रवारी सही करण्याआधी वाचावे

नमस्कार,

नऊ पानांची टर्मशीट दोनदा वाचली. "एकदा नजर टाका, शुक्रवारी सही करतोय" असं तुम्ही लिहिलंत, पण आहे त्या मसुद्यावर सही करू नका. फंड चांगला आहे, त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. मसुदा मात्र त्यांच्या वकिलाचा आहे आणि तो त्यांच्याच बाजूने लिहिलेला आहे. आपण काही बोललो नाही, तर तो तसाच राहील.

प्री-मनी १४ वरून १६ कोटींवर न्यायला तुम्ही तीन आठवडे घासाघीस केलीत. वर मिळवलेले ते दोन कोटी कलम ४ मधून परत जात आहेत, तेही व्याजासकट.

कलम ४, लिक्विडेशन प्रेफरन्स. इथे दीडपट, पार्टिसिपेटिंग आणि बिनमर्यादेचा प्रेफरन्स मागितला आहे. म्हणजे कंपनी विकली की फंड आधी गुंतवलेल्या ४ कोटींचे ६ कोटी उचलणार आणि मग उरलेल्या रकमेतही २० टक्क्यांचा वाटेकरी होणार. समजा, कंपनी १५ कोटींना गेली. ६ बाजूला काढल्यावर ९ उरतात, त्यातले १.८ पुन्हा फंडाचे. त्यांचे एकूण ७.८ होतात आणि तुम्हा दोघांच्या ७० टक्क्यांना ६.३ कोटी येतात (एसॉपचे दहा टक्के पूर्ण वाटले गेले असं धरलंय). हेच एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग असतं तर फंडाने ४ कोटी घेतले असते, कारण १५ चे २० टक्के म्हणजे तीनच. उरलेल्या ११ मधून तुम्हाला सुमारे ९.६ मिळाले असते. त्याच विक्रीत, त्याच हिश्शावर, सव्वातीन कोटींचा फरक.

कंपनी १०० कोटींना गेली तरी पार्टिसिपेशन फंडाला २० ऐवजी २४.८ देतं. पण एवढ्या विक्रीत तो फटका तुम्ही सोसाल. खरी गोची मधल्या विक्रीत आहे, आणि बहुतेक कंपन्यांची विक्री झालीच तर मधलीच होते.

आता पान ६ उघडा. लाभांशाच्या कलमात "वार्षिक ८ टक्के, संचयी" असं लिहिलंय आणि कलम ४ मध्ये "अधिक थकीत लाभांश" हे तीन शब्द आहेत. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय काही लक्षात येत नाही, मलाही पहिल्या वाचनात आलं नव्हतं. ४ कोटींवर सरळ ८ टक्क्यांनी पाच वर्षांत १.६ कोटी चढतात. मग वरच्या १५ कोटींच्या विक्रीत तुमचे ६.३ घसरून ५.१८ वर येतात.

आपली मागणी: एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग, लाभांश फक्त बोर्डाने जाहीर केला तरच. यावर मागे हटू नका. फारच ताणलं गेलं तर एकपट पार्टिसिपेटिंग चालेल, पण एकूण दुपटीच्या मर्यादेसह. दीडपट कुठल्याच रूपात नको. पुढच्या फेरीतला गुंतवणूकदार हाच आकडा बघून निदान तेवढंच मागतो.

"लिक्विडेशन"ची व्याख्याही दुरुस्त करून घ्या. सध्या त्यात "नियंत्रणात होणारा कोणताही बदल" येतो. उद्या मोठी फेरी घेताना तुमचा एकत्रित हिस्सा निम्म्याखाली गेला, तर फंड त्यालाच विक्री म्हणू शकेल. "भांडवल उभारणीसाठी नवे शेअर देणे यात धरले जाणार नाही" एवढं वाक्य घालून घ्या.

कलम ७, अँटी-डायल्यूशन. फुल रॅचेट. पुढे एक जरी शेअर या फेरीच्या २०० च्या भावापेक्षा कमी भावाने दिला, तर फंडाचा रूपांतराचा भाव थेट त्या भावावर येतो. किती शेअर दिले याला महत्त्वच नाही. समजा, वाईट वर्ष आलं आणि १ लाख शेअर १०० च्या भावाने देऊन १ कोटी उभे करावे लागले. फंडाचे २ लाख शेअर ४ लाख होतात आणि तुमचा हिस्सा ७० वरून ५३.८ टक्क्यांवर येतो. ब्रॉड-बेस्ड वेटेड अॅव्हरेज असतं तर हिशेब असा:

```
200 × (10,00,000 + 50,000) ÷ (10,00,000 + 1,00,000) = 190.91
```

म्हणजे फंडाचे साधारण २ लाख ९,५०० शेअर आणि तुमच्याकडे ६३.१ टक्के. भाव पडल्याची झळ तुम्हाला बसते, पण फंडालाही थोडी बसते.

याहून तातडीची गोष्ट वेगळीच आहे. गेल्या वर्षी तुम्ही एका परिचिताकडून २० लाखांची कन्व्हर्टिबल नोट घेतली होती, २० टक्के सवलतीची. टर्मशीटसोबतच्या शेअर तक्त्यात ती कुठेच नाही. या फेरीनंतर ती १६० च्या भावाने रूपांतरित होईल आणि १२,५०० शेअर जातील. कलम ७ मध्ये नोटेला सूट नाही. म्हणजे ते शेअर दिल्याबरोबर रॅचेट लागू, फंडाचे २ लाखांचे अडीच लाख. कंपनी उत्तम चाललेली असताना, भाव पडलेला नसताना, ५०,००० शेअर फुकट.

म्हणून नोट आजच फंडाला कळवा, तक्त्यात घाला आणि अपवादांची यादी लिहून घ्या: एसॉप, जुन्या नोटा, बोनस व स्प्लिट, कर्ज देणाऱ्याला दिलेले वॉरंट. लपवलंत असं वाटण्याआधी तुम्हीच सांगितलेलं बरं.

कलम ११, बोर्ड. पाच जागा: दोन तुमच्या, दोन फंडाच्या, पाचवा स्वतंत्र संचालक "फंडाने सुचवलेला". याला स्वतंत्र म्हणायचं कसं? २० टक्के शेअरवर तीन मतं झाली. शिवाय तुमची जागा "पूर्णवेळ नोकरीत असेपर्यंत"च आहे. बोर्डाने ३-२ ने तुमच्यापैकी एकाला नोकरीतून काढलं, की जागाही गेली आणि ती भरणार तेच बोर्ड. तुम्ही दोघं कितीही एकदिलाने असा, ही वाट उघडी ठेवू नका.

सीड फेरीला तीन जागा पुरेत: दोन तुमच्या, एक फंडाची, हवा तर एक बिनमताचा निरीक्षक. पाचच हव्या असतील तर २-१-२, शेवटचे दोघे उभयसंमतीने. तुमच्या जागा शेअरहोल्डर म्हणून असाव्यात, नोकरीशी बांधलेल्या नकोत. फंडाचा हिस्सा १० टक्क्यांखाली गेला की त्यांची जागा संपावी. कोरमला त्यांचा संचालक हवा हे ठीक, पण तो दोनदा आला नाही तर पुढची बैठक त्याच्याविना वैध, हे लिहून घ्या.

नकाराधिकाराची यादी २७ बाबींची आहे. नवे शेअर, कंपनीची विक्री, मोठं कर्ज, संबंधितांशी व्यवहार यांवर त्यांना हक्क द्या. ५ लाखांवरच्या प्रत्येक खर्चाला आणि प्रत्येक व्यवस्थापकाच्या नेमणुकीला मंजुरी मात्र काढायला लावा, नाहीतर लॅपटॉप घ्यायलाही ईमेल पाठवावा लागेल.

माहितीचा हक्क, प्रो-राटा वगैरे नेहमीचंच आहे, तिथे वेळ घालवू नका.

टर्मशीट बंधनकारक नाही असं ते म्हणतील. ६० दिवसांची एक्स्क्लुझिव्हिटी, गोपनीयता आणि त्यांच्या वकिलाचा खर्च ही तीन कलमं मात्र बंधनकारक आहेत. सही केल्यावर दोन महिने तुम्ही दुसऱ्या कुणाशी बोलू शकणार नाही, आणि वाटाघाटीतलं बळ तिथेच संपतं. ६० चे ३० करा आणि वकिलाच्या खर्चाला वरची मर्यादा घाला.

फंडाला हे पाठवा, तुमच्या सहीने:

"तुमच्यासोबत काम करण्याची आमची मनापासून इच्छा आहे. व्हॅल्युएशन आणि रक्कम आम्हाला मान्य आहे. कलम ४, ७ आणि ११ मध्ये बदल सुचवत आहोत, मसुदा सोबत जोडला आहे. एका जुन्या कन्व्हर्टिबल नोटेचा तपशीलही जोडत आहोत, तो शेअर तक्त्यात घ्यावा. उद्या किंवा परवा फोनवर बोलता येईल का?"

नोटेचा मूळ करार आज संध्याकाळपर्यंत मला पाठवा. सवलतीसोबत त्यात व्हॅल्युएशन कॅप असेल, तर १६० चा भाव आणि वरचे आकडे मला पुन्हा मांडावे लागतील.