दवाखान्यात अरबी: रुग्ण आणि डॉक्टर यांचा सोपा संवाद

शारजात नोकरीच्या पहिल्या वर्षी घसा सुजला, तेव्हा मी डॉक्टरांपुढे बसून नुसतं घशाकडे बोट दाखवत होतो. घसा बोटाने दाखवता येतो. पेनिसिलिन आपल्याला चालत नाही, हे मात्र बोटाने दाखवता येत नाही. हा संवाद मुख्यतः त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे. बाकीचं विसरलात तरी ते विसरू नका.

इथली भाषा फ़ुस़्ह़ा, म्हणजे प्रमाण अरबी आहे. डॉक्टर इजिप्तचे असोत, सीरियाचे असोत की सुदानचे, घरी प्रत्येकाची बोली वेगळी, पण फ़ुस़्ह़ा सगळ्यांना समजते. उत्तर कदाचित त्यांच्या बोलीत मिळेल. इजिप्तचे लोक ‘ज’च्या जागी ‘ग’ म्हणतात, तेवढं ध्यानात ठेवलं तर ‘गिल्द’ ऐकून गोंधळ होणार नाही, तो ‘जिल्द’च असतो.

उच्चाराच्या खुणा: ’ ही खूण ‘ऐन’ या अक्षराची. तो आवाज घशाच्या तळातून, घसा आवळून काढायचा. ह़ म्हणजे आरशावर फुंकर मारताना येतो तसा कोरडा ह. स़, त़, द़ हे जड, जिभेचा मागचा भाग वर उचलून म्हणायचे. थ़ आणि ध़ म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये धरून वारा सोडायचा. क़ पडजिभेजवळून येतो. ज हा ‘जीव’ मधला, ज़ हा ‘जरा’ मधल्या ज च्या जवळचा. ‘अ्’ असं लिहिलं आहे तिथे आवाज क्षणभर तोडायचा. वाक्याच्या शेवटचे बहुतेक छोटे स्वर बोलताना गळतात, म्हणून ते इथे लिहिलेले नाहीत.

प्रसंग असा: प्रकाश दापोलीचा, वय 34, शारजात एका गोदामात काम करतो. तीन दिवस ताप आहे. डॉक्टर बाई आहेत. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे बाहेर नाव पुकारलं जातं ते ‘ब्रकाश’. आपलं नाव प ने सुरू होत असेल तर ब कडे कान ठेवून बसा.

संवाद

प्रकाश: अस्सलामु ’अलैकुम.
(नमस्कार.)

डॉक्टर: व ’अलैकुमुस्सलाम. तफ़द़्द़ल, इज्लिस. मस्मुक?
(नमस्कार. या, बसा. नाव काय तुमचं?)

प्रकाश: इस्मी ब्रकाश. अना मिनल्-हिंद, व अ’मलु हुना फ़िश्-शारिक़ा.
(माझं नाव प्रकाश. मी भारतातला, इथे शारजात काम करतो.)

डॉक्टर: अह्लन् व सह्लन्. कम ’उम्रुक?
(बरं. वय किती?)

प्रकाश: ’उम्री अर्ब’उन् व थ़लाथ़ूना सना.
(चौतीस वर्षं.)

डॉक्टर: मिम्मा तश्कू?
(काय होतंय?)

प्रकाश: अश्’उरु बि-अलम फ़ी ह़ल्क़ी, व ’इंदी ह़ुम्मा व सु’आल.
(घसा दुखतोय. ताप आणि खोकलाही आहे.)

डॉक्टर: मुन्ध़ु मता?
(कधीपासून?)

प्रकाश: मुन्ध़ु थ़लाथ़ति अय्याम.
(तीन दिवस झाले.)

डॉक्टर: हल ’इंदक स़ुदा’?
(डोकं दुखतं का?)

प्रकाश: न’अम, क़लीलन्. रअ्सी युअ्लिमुनी फ़िल्-लैल.
(हो, थोडं. रात्री दुखतं.)

डॉक्टर: व हल तअ्कुलु जय्यिदन्?
(जेवण नीट जातंय का?)

प्रकाश: ला. ला अस्तत़ी’उ अन् अब्ल’अत़्-त़’आम.
(नाही. घास गिळता येत नाही.)

डॉक्टर: ह़सनन्. सअफ़्ह़स़ुकल्-आन. इफ़्तह़ फ़मक, मिन फ़द़्लिक. क़ुल: आ…
(बरं, आता तपासते. तोंड उघडा. ‘आ’ म्हणा.)

डॉक्टर: वल्-आन तनफ़्फ़स बि-’उम्क़.
(आता खोल श्वास घ्या.)

डॉक्टर: ह़रारतुक थ़मानिन् व थ़लाथ़ूना दरजतन् व निस़्फ़.
(ताप साडेअडतीस आहे.)

प्रकाश: हलिल्-अम्रु ख़त़ीर, या दुक्तूरा?
(काही गंभीर आहे का, डॉक्टर?)

डॉक्टर: ला, ला तक़्लक़. ’इंदक इल्तिहाब फ़िल्-लौज़तैन.
(नाही, काळजी करू नका. टॉन्सिल्स सुजल्यात.)

डॉक्टर: हल ’इंदक ह़स्सासिय्या मिन अय्यि दवाअ्?
(कुठल्या औषधाची ऍलर्जी आहे का?)

प्रकाश: न’अम. ’इंदी ह़स्सासिय्या मिनल्-बिन्सिलीन.
(हो. मला पेनिसिलिनची ऍलर्जी आहे.)

डॉक्टर: माध़ा यह़्दुथ़ु लक?
(घेतलं की काय होतं?)

प्रकाश: यज़्हरु त़फ़्ह़ ’अला जिल्दी, व अश्’उरु बि-द़ीक़ फ़ित्-तनफ़्फ़ुस.
(अंगावर पुरळ उठतं आणि दम कोंडतो.)

डॉक्टर: शुक्रन् लि-अन्नक अख़्बर्तनी. हाध़ा मुहिम्मुन् जिद्दन्. हल ’इंदक सुक्करी, औ इर्तिफ़ा’ फ़ी द़ग़्त़िद्-दम?
(सांगितलंत ते बरं केलंत. हे फार महत्त्वाचं आहे. मधुमेह किंवा बीपी?)

प्रकाश: ला, अल्-ह़म्दु लिल्लाह.
(नाही, देवाची कृपा.)

डॉक्टर: सअक्तुबु लक मुद़ाद्दन् ह़यविय्यन् लैस फ़ीहि बिन्सिलीन. ख़ुध़ ह़ब्बतन् वाह़िदतन् मर्रतैन फ़िल्-यौम, लि-मुद्दति ’अशरति अय्याम.
(पेनिसिलिन नसलेलं अँटिबायोटिक लिहून देते. एक एक गोळी दिवसातून दोनदा, दहा दिवस.)

प्रकाश: क़ब्लल्-अक्ल अम् ब’दल्-अक्ल?
(जेवणाआधी की जेवणानंतर?)

डॉक्टर: ब’दल्-अक्ल. व ला तत्रुकिद्-दवाअ् क़ब्ल निहायतिल्-मुद्दा.
(जेवणानंतर. आणि दहा दिवस भरायच्या आत औषध सोडू नका.)

प्रकाश: हल अध़्हबु इलल्-’अमलि ग़दन्?
(उद्या कामावर जाऊ का?)

डॉक्टर: ला. सअक्तुबु लक इजाज़तन् मरद़िय्यतन् लि-यौमैन. इश्रब माअन् कथ़ीरन्, वस्तरिह़. व इर्जि’ इलैय्या इध़ा लम् ततह़स्सन ब’द थ़लाथ़ति अय्याम.
(नको. दोन दिवसांची आजारपणाची रजा लिहून देते. पाणी भरपूर प्या, आराम करा. तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर परत या.)

प्रकाश: ऐनस़्-स़ैदलिय्या?
(औषधाचं दुकान कुठे आहे?)

डॉक्टर: फ़ित़्-त़ाबिक़िल्-अर्द़ी, बि-जानिबिल्-बाब.
(तळमजल्यावर, दाराशेजारी.)

प्रकाश: शुक्रन् जज़ीलन्, या दुक्तूरा.
(खूप आभार, डॉक्टर.)

डॉक्टर: ’अफ़्वन्. सलामतक.
(असू दे. लवकर बरे व्हा.)

प्रकाश: अल्लाहु युसल्लिमुकि.
(देव तुम्हाला सुखी ठेवो.)

शब्दसंग्रह

*माणसं आणि जागा*
त़बीब, त़बीबा – डॉक्टर (पुरुष, स्त्री)
दुक्तूर, दुक्तूरा – हाक मारताना हेच
मरीद़, मरीद़ा – रुग्ण
मुमर्रिद़ा – नर्स
’इयादा – दवाखाना
मुस्तश्फ़ा – हॉस्पिटल
स़ैदलिय्या – औषधाचं दुकान
इस्’आफ़ – रुग्णवाहिका, तातडीची मदत (अमिरातींत तिचा फोन 998)

*शरीर*
रअ्स – डोकं
फ़म – तोंड
ह़ल्क़ – घसा
लौज़तान – दोन्ही टॉन्सिल्स
स़द्र – छाती
बत़्न – पोट
ज़ह्र – पाठ
जिल्द – कातडी

लौज़ म्हणजे बदाम. घशातल्या दोन गाठींना अरबीत ‘दोन बदाम’ म्हणतात, आणि आरशात तोंड उघडून पाहिलंत तर नाव किती नेमकं आहे ते कळतं. दोन वस्तूंसाठी अरबीत वेगळं वचन आहे. ते लौज़तानसारखं शेवटी ‘आन’ लागून, पण बोलताना बहुधा ‘ऐन’ लागून येतं: लौज़तैन, मर्रतैन (दोनदा), यौमैन (दोन दिवस). डॉक्टरांच्या तोंडून शेवटी ‘ऐन’ आलं की दोन, हे एकदा कानात बसलं की गोळ्यांचा हिशेब चुकत नाही.

*तक्रारी*
अलम – दुखणं
ह़ुम्मा – ताप
ह़रारा – उष्णता, अंगाचं तापमान
सु’आल – खोकला
ज़ुकाम – सर्दी
स़ुदा’ – डोकेदुखी
क़ैअ् – उलटी
इस्हाल – जुलाब
त़फ़्ह़ – पुरळ
इल्तिहाब – सूज, दाह
ह़स्सासिय्या – ऍलर्जी
सुक्करी – मधुमेह
द़ग़्त़ुद्-दम – रक्तदाब

*उपचार*
दवाअ् – औषध
ह़ब्बा – गोळी (मूळ अर्थ दाणा)
शराब – पातळ औषध
ह़ुक़्ना – इंजेक्शन
मुद़ाद्द ह़यवी – अँटिबायोटिक
वस़्फ़ा त़िब्बिय्या – डॉक्टरांची चिठ्ठी
तह़्लील दम – रक्ततपासणी
इजाज़ा मरद़िय्या – आजारपणाची रजा

‘शराब’ ऐकून मराठी माणूस दचकतो. अरबीत ‘शरिब’ म्हणजे प्यायला, आणि शराब म्हणजे पिण्याची कुठलीही गोष्ट. खोकल्याच्या बाटलीवरही हाच शब्द असतो.

यातले बरेच शब्द आपल्या घरातच आहेत. ‘दवाखाना’ मधला दवा हाच. पुस्तकाची ‘जिल्द’ म्हणजे पुस्तकाची कातडी. ‘मुदत’ ही तीच मुद्दा, म्हणून ‘क़ब्ल निहायतिल्-मुद्दा’ म्हणजे मुदत संपायच्या आत. ‘इजाजत’ मात्र फसवते: आपल्याकडे ती परवानगी, डॉक्टरांच्या कागदावर ती रजा. आणि ‘तब्येत’ शब्द तिथे वापरू नका. त़बी’आ म्हणजे निसर्ग किंवा स्वभाव. प्रकृतीसाठी स़िह़्ह़ा म्हणा.

दोन साचे, बाकी आपोआप

’इंदी म्हणजे ‘माझ्याकडे आहे’. पुढे आजाराचं नाव ठेवा, वाक्य तयार: ’इंदी ज़ुकाम, ’इंदी इस्हाल, ’इंदी सुक्करी. डॉक्टर विचारतात तेव्हा ‘ी’ जाऊन ‘क’ येतो: ’इंदक. रुग्ण बाई असेल तर ’इंदकि, पण बोलताना बऱ्याचदा ’इंदिक ऐकू येतं. बाईला सांगताना आज्ञाही बदलते: इज्लिसी, इफ़्तह़ी, इश्रबी. आईला किंवा बायकोला घेऊन गेलात तर हेच कानावर पडेल.

दुसरा साचा दुखण्याचा. अवयवाला ‘ी’ जोडा आणि पुढे युअ्लिमुनी लावा: बत़्नी युअ्लिमुनी (पोट दुखतंय), ज़ह्री युअ्लिमुनी (पाठ दुखतेय), स़द्री युअ्लिमुनी (छातीत दुखतंय). हे शेवटचं वाक्य म्हणायची वेळ आली तर दवाखान्याची वाट न धरता 998 लावा.

आता ते एक वाक्य. मोठ्याने, दहा वेळा:

’इंदी ह़स्सासिय्या मिनल्-बिन्सिलीन.

पेनिसिलिनच्या जागी तुमचं जे असेल ते घाला. ऍस्पिरिन असेल तर मिनल्-असबिरीन. शेंगदाणे असतील तर मिनल्-फ़ूलिस्-सूदानी, शब्दशः ‘सुदानी घेवडा’. आणि हे वाक्य डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता, खुर्चीत बसल्याबरोबर म्हणा. माझ्या पाकिटात ते कोणाकडून तरी अरबी लिपीत लिहून घेतलेलं एक कार्ड अजून आहे, कडा झिजल्यात. बेशुद्ध माणसाच्या वतीने तेवढंच बोलू शकतं.