आबा, फळ्याचा फोटो वाचला, ऐका

आबा, बरं शे ना? फोटो मिळाला, पंचायतीच्या फळ्याचाच आहे, नीट आलाय, फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात काचेवर ऊन चमकतंय. मागच्या वेळी मी वरून खाली सगळं वाचत बसले आणि आजी म्हणाली की कामाचं येईपर्यंत तुम्ही घोरायला लागले होते, म्हणून या वेळी तुमच्या कामाचं आधी लिहिते, फळ्यावर ते कुठंही असो. आणि नंबर, किलो, पंचायत सगळं पूर्ण लिहिलंय, अर्धवट लिहून टिंब दिलं की तुमच्या फोनमधली बाई काहीच्या काही वाचते.

पहिलं, पाणी. हे अगदी खाली खडूनं लिहिलंय, अर्धं पुसलंय. जसंच्या तसं वाचते: "मोटार जळाल्यामुळे उद्या नळाला पाणी येणार नाही". तारीख नाहीये आबा, त्यामुळं हे 'उद्या' आजचं की परवाचं ते फोटोवरून कळत नाही. शिपायाला विचारा, पण तोवर आजीला सांगा आज रात्रीच टाकी आणि हंडे भरून ठेवायला.

दुसरं, पाटाचं पाणी. मधोमध टाइप केलेला कागद, पाटबंधारेवाल्यांचा सही-शिक्का आहे. रब्बीच्या आवर्तनासाठी नमुना नंबर ७ चा अर्ज बुधवार २१ जानेवारीपर्यंत द्यायचा. आज रविवार, म्हणजे तुमच्याकडं तीनच दिवस. सोबत सातबारा आणि मागची पाणीपट्टी भरल्याची पावती. खाली एक ओळ ठळक छापलीय, "थकबाकीदारांचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत". गव्हाला आत्ता पाणी पाहिजे म्हणून हे सोमवारीच उरकून टाका, काकाला मोटारसायकलवर घेऊन जायला सांगा.

तिसरं, घाबरू नका, पण घरपट्टीच्या थकबाकीच्या यादीत तुमचं नाव आहे, १४ नंबरला. नाव नक्की तुमचंच, वडिलांच्या नावासकट. रक्कम मात्र नेमकी त्या उन्हाच्या चमकेत गेलीय, पहिला आकडा १ आणि शेवटचे दोन ४० दिसतात, मधला एक आकडा पांढरा फटक. म्हणजे १०४० पासून १९४० पर्यंत काहीही असू शकतं, मी अंदाजानं सांगणार नाही, तुम्ही तेवढे पैसे घेऊन जाल आणि तिथं वाद घालत बसाल. दिवाळीत तुम्ही भरले होते ना? आजीच्या पत्र्याच्या डब्यात गुलाबी पावती असेल ती काढून ठेवा. आणि ही थकबाकी पंचायतीची आहे, पाटाची नाही, दोन्हीची गल्लत करू नका.

चौथं, डोळ्यांचं शिबिर. गुरुवारी २२ जानेवारीला मराठी शाळेत, सकाळी ९ ते १, तपासणी फुकट, आधार कार्ड आणा असं लिहिलंय. आता हे डोळ्यांच्या शिबिराचं पत्रक आणि अख्ख्या फळ्यावर सगळ्यात बारीक अक्षर याचंच, फिक्कट निळं, मलाच फोटो तीनदा मोठा करावा लागला! त्यात फक्त मोतीबिंदूचं लिहिलंय, काचबिंदूचं काही नाही. तरी जाऊन या, पण जळगावच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब त्यामुळं बंद करू नका.

मग ग्रामसभा, सोमवारी २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर साडेदहाला, मारुतीच्या पारावर. नऊ विषय आहेत, तुम्हाला ज्यात बोलायचं असतं तो शिवाररस्त्याचा विषय सहावा आहे. बाकीचे हवे तर रात्री फोनवर वाचून दाखवते.

रेशनचा कागद नेहमीचाच आहे, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्यवाल्यांना माणशी ५ किलो, म्हणजे तुम्हा दोघांचे १०. नवीन एवढंच की ज्यांची केवायसी राहिलीय त्यांनी अंगठा द्यायला यावं. तुमचा आणि आजीचा मी आखाजीला आले होते तेव्हाच देऊन झालाय.

उरलेलं सोडून द्या. एक लसीकरणाचा कागद आहे तो मागच्या वर्षीचा, कुणी काढलाच नाही, आणि गणपतीच्या वर्गणीचा हिशोब. डाव्या कडेला एक कागद दुसऱ्याखाली दबलाय, त्याचं फक्त "जाहीर लिलाव" एवढंच दिसतं, कशाचा ते दिसत नाही.

उद्या सकाळी जाल तेव्हा दोन फोटो काढून पाठवा, एक त्या यादीचा, समोरून नको, जरा बाजूला सरकून आणि ऊन यायच्या आत, दुसरा तो दबलेला कागद वर करून. तुम्हाला जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराला सांगा. मी नऊपर्यंत घरीच आहे, लगेच वाचून सांगते म्हणजे तुम्ही तिथूनच भरणा करून पुढं पाटाच्या ऑफिसला जाल.