टिपणवही: अमेरिकेतलं युद्ध, मुंबईतला कापूस आणि सुप्याचा उठाव

बारावी, इतिहास. पाने ११२ ते १२४. रविवार दुपार, परळ.

पान उभं दुमडून दोन रकाने केले आहेत. डावीकडे फक्त घडलेलं: साल, ठिकाण, आकडा, कोणी काय केलं. उजवीकडे दोन खुणा. का म्हणजे पुस्तकाने दिलेलं कारण, ? म्हणजे पुस्तकाने न सोडवलेलं किंवा मला न पटलेलं. धड्यात "त्यामुळे", "परिणामी", "साहजिकच" हे शब्द आले की पेन्सिलीने गोल करायचा आणि ते वाक्य उजवीकडे न्यायचं. "साहजिकच" तर नक्कीच, कारण त्या शब्दाच्या मागे बहुतेक वेळा कारण सांगितलेलंच नसतं.

१. युद्ध

| घडलं ते | का / ? |
|---|---|
| १८६० पूर्वी ब्रिटनच्या कच्च्या कापसाचा तीन चतुर्थांश भाग अमेरिकेतून येत असे. | ? एकाच देशावर इतका भार धोक्याचा, हे गिरणीमालकांना कळत होतं. मँचेस्टर कॉटन कंपनी १८५९ ची, म्हणजे युद्धाच्या आधीची. मग "युद्धामुळे भारताकडे वळले" हे अर्धंच खरं? |
| १८६१ ते १८६५: अमेरिकेत यादवी युद्ध. | का: उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, कापूस अडकला. |
| अमेरिकेहून ब्रिटनला १८६१ मध्ये २० लाखांहून जास्त गासड्या, १८६२ मध्ये ५५ हजार. | ? युद्ध एप्रिल १८६१ ला सुरू झालं, तरी त्या वर्षी इतका माल? माझा अंदाज: आधीच्या हंगामाचा कापूस नाकेबंदीआधीच निघून गेला होता. (अंदाज आहे, डावीकडे न्यायचा नाही.) |
| १८६२ मध्ये ब्रिटनच्या कापूस आयातीत भारताचा वाटा ९० टक्क्यांहून जास्त. | ? ९० टक्के, पण कितीचे? अमेरिकेचा माल थांबल्यावर एकूण आयातच घटली. वाटा वाढला म्हणजे माल तेवढ्याच पटीने वाढला असं नाही. परीक्षेत आकडा लिहिताना "वाटा" हा शब्द सोडायचा नाही. |

२. मुंबई

हा भाग पुस्तकाने दीड पानात उरकला आहे. आपल्या शहराचा म्हणून मी जास्त लिहिणार होते, पण खरी गाठ पुढच्या भागात आहे.

| घडलं ते | का / ? |
|---|---|
| कापसाचे भाव चढले. शहरात शेअरचा सट्टा. बॅकबेची समुद्रभराव कंपनी त्यातलीच. प्रेमचंद रायचंद हे मोठं नाव. | का: कापसाचा पैसा हातात खेळत होता, गुंतवायला जागा हवी होती. |
| १८६५: युद्ध संपलं. भाव कोसळले, सट्टा बुडाला. बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. | का: अमेरिकेचा कापूस परत येणार म्हणून. ? भाव पडले म्हणून कंपन्या बुडाल्या, की कंपन्या आधीच पोकळ होत्या आणि भाव हे निमित्त? |
| शिरगणती: १८६४ मध्ये ८,१६,५६२ लोक, १८७२ मध्ये ६,४४,४०५. | ? आठ वर्षांत पावणेदोन लाख कमी. कामं संपली म्हणून लोक गावी परतले, की १८६४ ची मोजणी चुकीची? दोन्ही थोडं थोडं असू शकतं. |
| राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, आईच्या नावाने. | का: काही नाही. खाली दंगा आयोगाचा अहवालही १८७८ चाच आहे. साल जुळलं म्हणून बाण काढला होता, तो खोडला. |

३. गावात पोचलेला पैसा

| घडलं ते | का / ? |
|---|---|
| मुंबईचे निर्यातदार शहरी सावकारांना उचल देत, ते गावच्या सावकारांना, ते रयतेला. | का: माल आधीच बांधून घ्यायचा होता. ? या साखळीत प्रत्येकाने किती ठेवून घेतलं? पुस्तक गप्प. |
| कापूस लावलेल्या दर एकराला १०० रुपये उचल. | ? हे सर्वांना मिळालं की मोठ्या शेतकऱ्यांनाच? पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय की भरभराट सगळ्यांची झाली नाही. |
| १८६० ते १८६४: दख्खनमध्ये कापसाखालची जमीन दुप्पट. | ? ती जमीन ज्वारी-बाजरीची होती का? |
| १८६५ नंतर उचल बंद, जुनी बाकी परत मागितली. | का: परदेशातली मागणी ओसरली. |
| नव्या जमाबंदीत सारा ५० ते १०० टक्के वाढला. | ? भाव पडत असताना सारा का वाढवला? या प्रकरणातला मला सर्वात जास्त छळणारा प्रश्न. |
| १८५९ चा मुदतीचा कायदा: कर्जखत तीनच वर्षं चालणार. | का: व्याज साठत जाऊ नये म्हणून. ? सावकार दर तीन वर्षांनी नवं खत करून घेत, मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल. कायदा रयतेसाठी आणि फायदा सावकाराला. |

४. सुपे

| घडलं ते | का / ? |
|---|---|
| १२ मे १८७५, सुपे, पुणे जिल्हा. बाजारपेठेचं गाव. रयतेने सावकारांवर हल्ला केला, वह्या आणि कर्जखतं मागून घेऊन जाळली. | का: कर्ज कागदावर होतं, कागद गेला की कर्ज गेलं. |
| पुण्याहून नगर जिल्ह्यात पसरला. तीसहून जास्त गावं. ९५१ जणांना अटक. | ? सगळीकडे आधी कागदच का? लोकांनी एकमेकांचं ऐकून केलं, की प्रत्येक गावाला आपापलं सुचलं? |
| आयोग मुंबई सरकारने नेमला, भारत सरकारच्या दबावाने. अहवाल १८७८. | का: १८५७ ची धास्ती अजून होती. |
| आयोगाचा निष्कर्ष: कारण सावकार, सरकारी सारा नव्हे. | ? सारा कोणी वाढवला? सरकारने. आयोग कोणी नेमला? सरकारने. |
| १८७९: दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. | |

आज केलेली दुरुस्ती

पहिल्यांदा वाचताना मी डाव्या रकान्यात लिहिलं होतं: "सावकारांनी रयतेला लुबाडल्यामुळे उठाव झाला." शाईने, अधोरेखित करून. रात्री परत वाचलं तेव्हा दिसलं की या एका ओळीत तीन गोष्टी कोंबल्या आहेत. उठाव झाला, ही घटना. लुबाडलं, हा ठपका. "मुळे", हे कारण, आणि तेही आयोगाचं कारण. मी ते घटना म्हणून पाठ करत होते.

आता ती ओळ तोडली आहे. डावीकडे: १८७५ मध्ये उठाव झाला, कर्जखतं जाळली, आयोगाने सावकारांना जबाबदार धरलं. "जबाबदार धरलं" ही घटना आहे, कारण आयोगाने तसं खरंच म्हटलं. सावकार जबाबदार होते की नाही, हे उजवीकडे.

सावकारांनी अन्याय केलाच नाही असं मला म्हणायचं नाही. खतात न घेतलेली रक्कम लिहिणं, फेडीची पावती न देणं, या तक्रारी रयतेने स्वतः केल्या आहेत. पण वही जाळणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सावकाराचं व्याज आणि सरकारचा सारा दोन्ही होते. सावकार त्याच्या गावातच होता, सारा ठरवणारे तिथे नव्हते.

सोमवारी सरांना विचारायचं

दीर्घोत्तरी प्रश्न "दख्खनच्या दंग्यांची कारणे लिहा" असा येतो. उत्तरात "आयोगाच्या मते" आणि "रयतेच्या मते" असे दोन परिच्छेद केले तर चालेल का?

जमाबंदीची फेरआकारणी तीस वर्षांनी ठरलेलीच होती, म्हणजे भाव कोसळण्याशी तिचा संबंध नव्हता, असं म्हणता येईल का? तसं असेल तर सारा "वाढवला" यापेक्षा "वाढायचं ठरलेलं थांबवलं नाही" हे जास्त बरोबर. आणि मग थांबवलं का नाही?