तिकीट आंबेडकर नगरचं, पाटी महूची

इंदूरच्या तिकीट खिडकीवर आप्पांनी पैसे सरकवले आणि म्हणाले, "महू, एक."

तिकीट हातात आलं. त्यावर छापलेलं, डॉ. आंबेडकर नगर. आप्पा मिरजेचे, आयुष्यभर कचेरीत हिशेब तपासलेले. छापील कागद बोललेल्या शब्दाशी जुळला नाही की त्यांना पुढे जाता येत नसे.

"अहो भाऊसाहेब, मैंने महू माँगा था."

"वही है. आगे बढ़िए."

मागची रांग कुरकुरायला लागली तसे ते बाजूला झाले. गाडीत खिडकीची जागा मिळाली तरी जीव थाऱ्यावर नव्हता. हे नगर एखादं उपनगर निघालं तर? राजेंद्रनगर गेलं, तेव्हा त्यांनी तिकीट परत वाचलं. राऊ आलं तेव्हा न राहवून समोरच्या बाईंना विचारलं. भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या त्या बाई चक्क मराठीत म्हणाल्या, "काका, बसा निवांत. शेवटच्या स्टेशनाला उतरायचं. आमचं महू तेच."

"मग तिकिटावर महू का नाही?"

"२००३ साली सरकारनं नाव बदललं. बाबासाहेबांचा जन्म इथला ना, १८९१ चा. त्यांचे वडील, रामजी सुभेदार, छावणीतल्या शाळेत शिकवायचे." बाईंनी पिशवीतून ओघळलेली गिलकी आत सारली. "रेल्वेनं नवं नाव घेतलं. लोकांच्या तोंडून जुनं काही सुटत नाही. माझंच बघा ना."

आप्पा गप्प झाले. ते निघाले होते तेच मुळी जन्मभूमीचं स्मारक बघायला, आणि बाबासाहेबांचंच नाव बघून वाटेत धसकले होते. हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही.

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर तिकिटातलं नाव होतं. बाहेर पडल्यावर मात्र औषधाचं दुकान, शिवणकामाचं दुकान, मिठाईवाला, ज्याच्या त्याच्या फलकावर पत्त्याच्या ओळीत महू. ब्रिटिश सेनाधिकारी माल्कमनं १८१८ मध्ये छावणी वसवली तेव्हापासून हे नाव फौजेच्या कागदोपत्री मुरलेलं. पलटणीत दिवस काढलेला माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला भेटला तरी महूच म्हणणार.

"आप्पा, केव्हाचा उभा आहे!" शाळेतला दोस्त, निवृत्त सुभेदार, फाटकाशी वाट बघत होता. "गाडी तर वेळेवर आली."

"पाट्या वाचत होतो. तुला पत्र पाठवायचं तर काय लिहू? नगर, की महू?"

"काहीही लिही, येतं. पिनकोड तेवढा बरोबर टाक."

आप्पांनी खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागे पिनकोड लिहून घेतला, आणि दोघे स्मारकाकडे जायला रिक्षा शोधू लागले. रिक्षावाल्यानं फक्त "जन्मभूमी?" एवढंच विचारलं.