माझं पद दोघींत वाटून घेण्याबाबत

मॅडम, नमस्कार.

समोर बसून बोलायचंच आहे, पण आधी तुम्हाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून लिहितेय.

आईची फिजिओथेरपी आता घरीच सुरू झालीये आणि निदान वर्षभर तरी अर्धा आठवडा मला तिच्याजवळ असणं गरजेचं आहे. नोकरी सोडायची नाहीये, हे काम मला मनापासून आवडतं. म्हणून माझं पद मी आणि मेघनाने वाटून घ्यावं, असं सुचवते. बाळंतपणाच्या रजेनंतर तिलाही अर्धवेळच परत यायचंय, आणि पुरवठादारांची बिलं तिने आधी हाताळलेली आहेत.

सोमवार, मंगळवार आणि बुधवारी दुपारपर्यंत मी. तिथून शुक्रवारपर्यंत ती. बुधवारी जेवणाआधीचा अर्धा तास दोघी एकत्र बसू. कोणतं बिल कुठे अडकलंय, कोणाला फोन करायचा राहिलाय, सगळं एकाच शीटवर असेल. मेलबॉक्सही एकच, म्हणजे पुरवठादारांना ‘त्या आज नाहीत’ हे उत्तर कधीच मिळणार नाही. पगार निम्मा-निम्मा.

खरी अडचण महिनाअखेरीची, तिथे काम वाटून चालत नाही. त्या दोन दिवशी आम्ही दोघीही येऊ. जास्तीचे तास पुढच्या आठवड्यात वळते करून घेऊ.

तीन महिने करून बघूया का? एकही पेमेंट आमच्यामुळे लांबलं, तर तुम्ही म्हणाल तसं बदलू. एचआरशी अजून बोललेले नाही, आधी तुमचं मत हवंय. गुरुवारी चारनंतर वीस मिनिटं देऊ शकाल?

– अश्विनी